आम्लपित्ताच्या दोन गोळ्या, दोन घड्याळं

जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरनं १८२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिलं. पण आम्लावर अल्कली द्यायची हे त्याआधीपासून ठाऊक होतं. खडूची पूड, मॅग्नेशिया, खायचा सोडा असं काहीही पोटात गेलं की जळजळ थांबे. आजचं अँटासिड रासायनिकदृष्ट्या तेच करतं. जठरात आधीच जमलेल्या आम्लाशी त्याचा संयोग होतो, त्यातून क्षार आणि पाणी तयार होतं, आणि काही मिनिटांत आराम पडतो.

अडचण आराम टिकण्याची आहे. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटची एक गोळी १ पीएचचं साधारण १०० मिलिलिटर आम्ल निष्प्रभ करू शकते. रिकाम्या जठरात एरवी एवढा रसही नसतो, म्हणजे त्या घटकेला गोळी पुरेशी असते. पण जठर दिवसाला दीड ते दोन लिटर रस स्रवतं आणि गोळी मात्र जठर रिकामं होताना आतड्यात निघून जाते. उपाशीपोटी घेतली तर परिणाम जेमतेम अर्धा तास राहतो. जेवणानंतर तासाभरानं घेतली तर अन्नामुळे ती रेंगाळते आणि दोन-तीन तासही काम करते.

मग जठरातला व्रण भरून येण्याइतका वेळ आम्ल कमी कसं ठेवायचं? शिकागोचे बर्ट्राम सिपी यांनी १९१५ मध्ये उत्तर दिलं ते चिकाटीचं होतं: दिवसभर तासातासाला दूध आणि साय, मधूनमधून अल्कलीची पूड. रुग्णांना बरं वाटे, पण काहींच्या रक्तात कॅल्शियम वाढलं, रक्त अल्कधर्मी झालं आणि मूत्रपिंडं बिघडली. तयार आम्लाच्या मागे धावण्याची मर्यादा इथे उघडी पडली.

पुढचा प्रश्न आम्ल बनतं कसं, हा होता. जठराच्या अस्तरातल्या पेशींना आम्ल सोडण्याचे संकेत अनेक बाजूंनी येतात. १९७६ मध्ये बाजारात आलेल्या सिमेटिडीन या औषधानं त्यांतला हिस्टामिनचा संकेत अडवला, बाकीचे चालूच राहिले. पण सगळे संकेत शेवटी एकाच यंत्रणेपाशी पोचतात: पेशीतून हायड्रोजन आयन बाहेर ढकलणारा आणि बदल्यात पोटॅशियम आत घेणारा पंप. जॉर्ज सॅक्स आणि इतरांनी तो १९७० च्या दशकात उलगडला. स्वीडनमधल्या हेस्ले कंपनीत १९७९ मध्ये हाच पंप बंद पाडणारं औषध, ओमेप्राझोल, तयार झालं आणि १९८८ मध्ये ते विक्रीस आलं.

ओमेप्राझोल आम्लाला हातच लावत नाही. जठरात नासू नये म्हणून त्याच्या दाण्यांवर आवरण असतं. म्हणूनच कॅप्सूलमधले दाणे चावायचे किंवा कुटायचे नसतात. औषध आतड्यात विरघळतं, रक्तातून आम्ल बनवणाऱ्या पेशीत येतं, तिथल्या आम्लामुळेच त्याचं खरं रूप तयार होतं आणि ते पंपाला कायमचं चिकटतं. तो पंप बाद झाला. पेशी नवा बनवेल तेव्हाच आम्ल पुन्हा वाढेल. रक्तात औषधाचं प्रमाण तासाभरात निम्म्यावर येतं, तरी परिणाम दिवसभर टिकतो तो यामुळेच.

मात्र औषध चालू पंपांनाच पकडतं. समजा, कोणी रात्री नऊला जेवलं, साडेदहाला जळजळ सुरू झाली आणि ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम घेतलं. औषध रक्तात पोचेपर्यंत जेवणानं जागे झालेले पंप विसावू लागलेले असतात. थोडेच पंप बाद होतात, औषध शरीराबाहेर जातं, रात्र जळजळीतच सरते आणि सकाळी दोष गोळीला दिला जातो. त्या वेळी हवं होतं अँटासिड. हीच गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घेतली, तर औषध रक्तात भरपूर असतानाच पंप चालू होतात. तरीही पहिल्या दिवशी काही पंप सुटतातच. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. तोवर अधूनमधून अँटासिड घ्यायला हरकत नसते. फक्त लोहाच्या गोळ्या, थायरॉइडचं औषध आणि काही प्रतिजैविकं अँटासिडला बांधली जातात आणि शोषली जात नाहीत. त्यांच्यात काही तासांचं अंतर ठेवावं, थायरॉइडच्या गोळीसाठी चार तासांचं.

उलटी चूकही होते. जठरातला व्रण अँटासिडनं दुखायचा थांबतो, पण भरून यायला आठवडेच्या आठवडे आम्ल कमी राहावं लागतं. काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं किंवा कारणाविना वजन घटणं दिसलं, तर दोन्हींपैकी कुठलीच गोळी घेऊन थांबू नये, तातडीनं डॉक्टरांना दाखवावं.

पंपाचं औषध सोडतानाही घड्याळ लक्षात ठेवावं लागतं. आम्ल कमी झालं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवून पेशींना जोर लावायला सांगतं. महिना-दोन महिन्यांनी गोळी एकदम बंद केली की वाढलेला हा जोर मोकळा सुटतो आणि काही आठवडे आधीपेक्षा जास्त आम्ल येऊ शकतं. आजार परतला असं वाटून अनेकजण गोळी पुन्हा सुरू करतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं मात्रा टप्प्याटप्प्यानं उतरवली आणि मधल्या जळजळीला अँटासिड वापरलं, तर हा काळ बहुतेकांना निभावतो.