पार्श्वभूमी: तळाखालची डुबकी आणि ‘रिक्लेम’ या शब्दाचा गुंता

जुना तळ मोडून भाव लगेच वर परततो, या हालचालीला अमेरिकेतले चार्ट वाचणारे अनेक दशकांपासून ‘स्प्रिंग’ म्हणत आले आहेत. आपल्याकडे सौदे तोंडी होत तेव्हा स्टॉप, म्हणजे तोटा थांबवायला आधीच ठरवलेला विक्रीचा भाव, हा ब्रोकरच्या वहीतला आकडा असे. 1994 मध्ये देशपातळीवर स्क्रीनवरचे व्यवहार सुरू झाले आणि तो एक्स्चेंजच्या संगणकात गेला. ट्रिगर लागेपर्यंत तो मार्केट डेप्थमध्ये, म्हणजे उघड ऑर्डरच्या यादीत, दिसत नाही.

तरीही पुण्यात आजही ऐकू येतं, ‘त्यांना माझा एसएल दिसला,’ म्हणजे बड्या खेळाडूंना माझा स्टॉप कळला. तो दिसण्याची गरजच नसते. समजा तळ 412 चा आहे, तो सगळ्यांच्याच चार्टवर असतो, म्हणून स्टॉप 411 च्या आसपास साचतात. तिथे भाव पोचला की ते सगळे विक्रीच्या ऑर्डर होतात आणि मोठ्या खरेदीदाराला भाव न चढवता माल मिळतो. यात कुणाचा हेतू होता का, हे चार्टवरून सिद्ध होत नाही. खरेदीदार विरळ असले तरी अशीच कँडल, म्हणजे चार्टवरची ठरावीक वेळेतल्या भावाची पट्टी, बनते. म्हणून ‘स्टॉप हंट’पेक्षा ‘स्वीप’ हा शब्द मला प्रामाणिक वाटतो.

खरा गुंता ‘रिक्लेम’चा, म्हणजे मोडलेला तळ परत मिळवण्याचा आहे. काही जण भाव पुन्हा 412 वर टेकला की रिक्लेम झाला म्हणतात, काहींना कँडलचा क्लोज वर हवा असतो. कँडल पाच मिनिटांची की दिवसाची, यावरही एकमत नाही. दैनिक चार्टवरचा तळ पाच मिनिटांच्या क्लोजने परत मिळाला असं मानणं मला घाईचं वाटतं. निदान पंधरा मिनिटांचा क्लोज हवा.

एक नमुना घेऊ. शेअर 412 वरून 428 पर्यंत जाऊन खाली आला. सकाळी तो 408.20 पर्यंत घसरला, व्हॉल्यूम एकदम फुगला. पंधरा मिनिटांची कँडल 413.40 ला बंद झाली. पुढच्या कँडलमध्ये भाव 412.30 पर्यंत आला, पण खाली गेला नाही. मग 413.50 ला खरेदी, स्टॉप 407.80. शेअरमागे जोखीम 5.70 रुपये, एकूण 2,000 रुपयांची जोखीम घ्यायची तर 350 शेअर. 428 पर्यंत 14.50 रुपयांची जागा उरते.

वाट पाहण्याची किंमतही असते. तीच कँडल 420 ला बंद झाली असती, तर जोखीम 12.20 आणि वरची जागा फक्त 8 रुपये. तेव्हा सौदा सोडायचा. खरेदीनंतर पंधरा मिनिटांचा क्लोज पुन्हा 412 खाली आला, तर 407.80 ची वाट न पाहता मी बाहेर पडतो, कारण तेव्हा तळ खरोखरच मोडलेला असू शकतो.