गाजर-भोपळ्याचा पिवळेपणा आणि कावीळ

गाजर, लाल भोपळा, रताळे, पपई असे पदार्थ काही आठवडे रोज भरपूर खाल्ले की त्वचेवर पिवळसर-नारिंगी रंग चढतो. वैद्यकात या अवस्थेला कॅरोटिनेमिया म्हणतात आणि ती निरुपद्रवी आहे. कावीळ हे मात्र यकृत, पित्तनलिका किंवा रक्त यांतील बिघाडाचे लक्षण असते. कातडी दोन्हींत पिवळी दिसते. घरच्या घरी फरक करायचा तो डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरून: काविळीत तो पिवळा होतो, गाजराने तो पांढराच राहतो. इंदूरच्या मराठी घरांत ही शंका बहुधा थंडीत निघते. त्या दिवसांत गाजर स्वस्त असते, हलवा होत राहतो आणि वरचे अन्न नुकतेच सुरू झालेल्या बाळाच्या खिमटीत गाजर-भोपळा रोज पडतो.

हा फरक पडतो तो दोन रंगद्रव्यांच्या स्वभावामुळे. काविळीत रक्तात बिलिरुबिन साठते. ते इलॅस्टिन नावाच्या लवचिक तंतूंना चटकन चिकटते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात व त्यावरच्या पातळ पडद्यात हे तंतू मुबलक असतात. म्हणून कावीळ बहुधा आधी डोळ्यांत दिसते. गाजर-भोपळ्यातले कॅरोटिन स्निग्ध पदार्थांत विरघळते, घाम आणि त्वचेच्या तेलातून बाहेर येते आणि कातडीच्या सर्वांत वरच्या शृंगी थरात मुरते. हा थर तळहात-तळपायांवर जाड असतो. नाकाच्या बाजूंना व कपाळावर तेल जास्त सुटते. रंग तिथेच गडद दिसतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शृंगी थर नसल्याने कॅरोटिनला तिथे मुरायला जागाच नाही.

डोळे मात्र नीट पाहावे लागतात. बहुतेक चुका उजेडामुळे होतात. पिवळ्या दिव्याखाली सगळेच डोळे पिवळे दिसतात आणि मोबाइलच्या फोटोतला रंगही भरवशाचा नसतो. सकाळी खिडकीशी किंवा गच्चीवर सावलीत, रंगीत पडद्यापासून दूर उभे राहावे. माणसाला खाली पाहायला सांगून वरची पापणी हलकेच उचलावी, म्हणजे एरवी झाकलेला पांढरा भाग उघडा पडतो. मग वर पाहायला सांगून खालचा भाग पाहावा. शेजारी घरातल्याच दुसऱ्या कोणाचा डोळा असला तर तुलना सोपी जाते.

पापणी उचलायची ती अशासाठी, की सावळ्या माणसांत उघड्या राहणाऱ्या भागावर बुबुळाभोवती तपकिरी, मळकट छटा असणे अगदी सामान्य आहे. वयस्कांत नाकाकडच्या बाजूला पिवळट फुगीर ठिपकाही असतो. हे डाग ठरावीक जागीच असतात आणि पापणीखालचा भाग पांढरा असतो. काविळीचा पिवळेपणा झाकलेल्या भागातही सारखा पसरलेला असतो. खालची पापणी फार ओढली तर तळाशी चरबीचा पिवळट रंग दिसू शकतो; तो धरू नये. शंका उरली तर जीभ वर करून तिच्या खालची बाजू पाहावी; काविळीत तीही पिवळी दिसते.

दहा महिन्यांचे, साडेआठ किलो वजनाचे बाळ घेऊ. महिना-दीड महिना त्याला रोज सुमारे ६० ग्रॅम केशरी गाजर आणि तितकाच लाल भोपळा शिजवून, कुस्करून, वर तूप घालून दिला जातो. एक दिवस आजीला नाकाचा शेंडा आणि तळहात पिवळे दिसतात. केशरी गाजरात १०० ग्रॅममागे साधारण ८ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन असते, भोपळ्यात साधारण ३. म्हणजे बाळाच्या पोटात रोज सुमारे साडेसहा मिलिग्रॅम जाते. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर ६० किलोच्या माणसाने रोज अर्धा किलोहून जास्त गाजर खाण्यासारखे हे आहे. शिवाय शिजवल्याने व कुस्करल्याने कॅरोटिन पेशींतून मोकळे होते आणि तुपामुळे ते अधिक शोषले जाते. या बाळाचे डोळे खिडकीच्या उजेडात स्वच्छ पांढरे आहेत, लघवीचा लंगोटावर गडद पिवळा डाग पडत नाही, शीचा रंग नेहमीचा आहे, बाळ खेळते आहे आणि वजन वाढते आहे. सगळ्या खुणा एकाच बाजूला जातात.

अशा वेळी गाजर-भोपळा आठवड्यातून दोनदा द्यावा आणि इतर दिवशी दुधी, बटाटा, मुगाची डाळ, केळे द्यावे. बदली म्हणून पपई किंवा रताळे दिले तर रंग तसाच राहतो आणि घरचे पुन्हा घाबरतात. रंग कित्येक आठवड्यांत, कधी काही महिन्यांत ओसरतो. इतके कॅरोटिन जाऊनही अ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, कारण शरीर गरजेपुरतेच कॅरोटिन त्या जीवनसत्त्वात बदलते. हंगामी लाल गाजराचा रंग मुख्यतः लायकोपीनचा असतो. तेही फार खाल्ले तर त्वचेवर छटा येते, पण ती अधिक तांबूस असते.

डोळ्यांच्या कसोटीला मर्यादा आहेत. रक्तातले बिलिरुबिन साधारण १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत असते आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसायला ते अडीच-तीनवर जावे लागते. त्यामुळे सुरुवातीच्या काविळीत डोळे पांढरे असू शकतात. ताप, उलट्या, अन्नावरची वासना उडणे, अंगाला खाज, मोहरीच्या तेलासारखी गडद लघवी किंवा पांढुरकी शी यांपैकी काही असेल तर डोळे कसेही असोत, रक्तातले बिलिरुबिन आणि यकृताची इजा दाखवणारे एसजीपीटी तपासून घ्यावे. गरोदर बाईच्या बाबतीत एक दिवसही दवडू नये. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते. उलट, गाजर-भोपळा फारसा न खाताही तळहात पिवळे आणि डोळे पांढरे असतील, तर थायरॉइड मंदावणे आणि मधुमेह यांची तपासणी करावी. दोन्हींत कॅरोटिन रक्तात साठते.

काही घरांत अजून कावीळ ‘झाडून’ घेतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळे होते आणि रोग उतरला असे मानतात. बिलिरुबिन हात धुऊन निघत नाही. गाजराने पिवळ्या झालेल्या मुलाचा रंग आहार बदलल्यावर आपोआप जातो आणि श्रेय झाडणाऱ्याला मिळते. पुढे त्याच घरात खरी कावीळ आली की तपासणीआधी झाडण्यातच दिवस जातात.

फक्त दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाचा पिवळेपणा गाजरावर ढकलू नये. तो कावीळ समजूनच डॉक्टरांना दाखवावा. नवजात बाळ डोळे मिटूनच असते, म्हणून उजेडात कपाळावर आणि छातीवर बोट दाबून सोडतात आणि दाबलेल्या जागी क्षणभर उमटणारा रंग पाहतात. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. दोन आठवडे उलटूनही तो टिकला आणि शी पांढुरकी असेल, तर पित्तमार्ग बंद असण्याची शक्यता असते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचे होण्याआधी झाली तर यश येण्याची शक्यता जास्त असते.