साखळीने गाठलेला नमुना आणि त्यावर चढवलेली टक्केवारी

स्नोबॉल सॅम्पलिंग, म्हणजे एका प्रतिसादकाच्या ओळखीतून पुढचा गाठत जाणारी नमुना-पद्धत, आज यादीत न सापडणाऱ्या लपलेल्या समूहांसाठीच ओळखली जाते. तिच्यावरचा 1961 चा गणिती निबंध आज कोणी उघडला, तर त्यात अशा समूहांचा उल्लेख नाही, हे पाहून आश्चर्य वाटेल. त्या रचनेत पहिला टप्पा यादृच्छिक नमुन्याचा होता. त्या नमुन्यातील प्रत्येकाने ठरावीक संख्येची नावे सांगायची, त्या व्यक्तींनी पुढची नावे सांगायची, आणि हे ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत चालवायचे, अशी ती पद्धत होती. उद्देशही वेगळा होता: एखाद्या लोकसमूहात परस्पर ओळखीच्या जोड्या किती आहेत, याचा अंदाज बांधणे. सुरुवात यादृच्छिक असल्यामुळे पुढचे गणित टिकत होते. पुढील दोन दशकांत समाजशास्त्रीय क्षेत्रकार्याने साखळी तेवढी उचलली आणि यादृच्छिक सुरुवात सोडून दिली, कारण ज्यांची यादीच अस्तित्वात नाही, अशा माणसांतून यादृच्छिक नमुना काढता येत नाही. कागदपत्रे नसलेले स्थलांतरित मजूर, मालकाच्या घरात राहून काम करणाऱ्या घरकामगार, अमली पदार्थ टोचून घेणारे लोक यांच्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग तेव्हा फारसा नव्हता. या तडजोडीबद्दल त्या काळातील संशोधकांना दोष देणे योग्य नाही. त्यांतील बहुतेकांनी टक्केवारीचा दावा केलाच नव्हता.

टक्केवारीचा दावा नंतर आला. 1997 मध्ये साखळीचे एक शिस्तबद्ध रूप पुढे आले. संशोधकाने पुढच्या माणसांची नावे विचारण्याऐवजी प्रत्येक प्रतिसादकाला क्रमांक घातलेली मोजकी, बहुधा तीन, कूपने द्यायची. ती त्याने ओळखीच्यांना द्यायची. ज्याला सहभागी व्हायचे असेल त्याने स्वतः यायचे. मुलाखतीचा मोबदला वेगळा आणि कूपन घेऊन कोणी आल्यास त्याचा मोबदला वेगळा. यात दोन फायदे होते. लपून राहणाऱ्या माणसाचे नाव संशोधकाच्या वहीत त्याच्या संमतीशिवाय येत नव्हते, आणि कोणाला कोणी आणले याचा पूर्ण वृक्ष हाती राहत होता. पहिल्या प्रतिसादकांची निवड सोयीची असली, तरी पुरेशा फेऱ्यांनंतर नमुन्याची घडण त्यांच्यावर अवलंबून राहत नाही, असेही गणिताने दाखवले होते.

खरा वादग्रस्त निर्णय 2004 ते 2008 या काळातला आहे. साखळीत ज्याच्या ओळखी जास्त, तो सापडण्याची शक्यताही जास्त. म्हणून प्रत्येक प्रतिसादकाला त्याच्या ओळखींच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात भार द्यावा, म्हणजे संपूर्ण समूहातील प्रमाणाचा अंदाज मिळेल, असे ठरले. सूत्र देखणे आहे. त्यामागची गृहीतके मात्र भरपूर आहेत: ओळखीचे जाळे एकसंध आहे, ओळख दोन्ही बाजूंनी आहे, प्रतिसादक आपल्या ओळखी अचूक मोजतो आणि कूपन कोणाला द्यायचे हे तो ओळखीच्यांतून जणू चिठ्ठी काढूनच ठरवतो.

हा भार काय करतो, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहता येईल. साखळीने 100 स्थलांतरित कामगार गाठले. त्यांपैकी 60 जण सामायिक निवासात राहतात आणि प्रत्येकी 30 सहकामगारांना ओळखतात. उरलेल्या 40 जणी मालकाच्या घरी राहणाऱ्या घरकामगार असून प्रत्येकीच्या ओळखी फक्त 5 आहेत. पहिल्या गटाचा एकूण भार 60 भागिले 30, म्हणजे 2; दुसऱ्याचा 40 भागिले 5, म्हणजे 8. नमुन्यात 40 टक्के असलेल्या घरकामगार अंदाजात 80 टक्के होतात. आता समजा, त्या स्त्रियांनी ‘ओळख’ या शब्दाचा अर्थ थोडा सैल घेतला आणि 5 ऐवजी 10 असा आकडा सांगितला. त्यांचा भार 4 होतो आणि अंदाज सुमारे 67 टक्क्यांवर येतो. मुलाखती त्याच, माणसे तीच. केवळ एका प्रश्नाच्या उत्तरामुळे निष्कर्ष 13 टक्के बिंदूंनी सरकला. हा प्रश्न मुलाखतीत सहसा घाईने उरकला जातो, हे प्रश्नावल्या हाताळलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

या हिशेबात सर्वांत कमकुवत जागा मात्र आणखी पुढे आहे. ज्या घरकामगाराला घराबाहेर पडू दिले जात नाही, जिचा फोन मालकाने ठेवून घेतला आहे, तिच्या ओळखी शून्य आहेत. तिच्याकडे कूपन पोहोचतच नाही, आणि जी नमुन्यात आलीच नाही तिला कितीही भार दिला तरी ती मोजली जात नाही. पासपोर्ट काढून घेण्याचे प्रमाण हाच अभ्यासाचा विषय असेल, तर सापडण्याची शक्यता आणि मोजायची गोष्ट यांचा थेट संबंध असतो: बंधन जितके कडक, तितकी व्यक्ती साखळीपासून दूर. अशा ठिकाणी ‘पासपोर्ट जप्तीचे प्रमाण इतके’ हे विधान उभे राहत नाही, आणि ‘असा प्रकार आढळला नाही’ यावरून तो होत नाही असे तर मुळीच म्हणता येत नाही. उलट ‘असा प्रकार घडतो, आणि तो या मार्गाने घडतो’ हे एका सविस्तर मुलाखतीतूनही सिद्ध होऊ शकते.

2010 च्या सुमारास अनुरूपणाच्या, म्हणजे संगणकावर असे नमुने पुन्हा पुन्हा काढून पाहण्याच्या, अभ्यासांनी या अंदाजांतील अनिश्चिततेकडे लक्ष वेधले. त्यापूर्वी साध्या यादृच्छिक नमुन्याच्या दुप्पट आकार पुरेसा मानला जात असे. या अभ्यासांत विचरण, म्हणजे नमुन्यागणिक अंदाजात पडणारा फरक, साध्या यादृच्छिक नमुन्याच्या पाच ते दहा पट, काही वेळा त्याहूनही अधिक, निघाले. दहापट धरले तर 500 मुलाखतींचे मोल 50 यादृच्छिक मुलाखतींएवढे उरते; 30 टक्क्यांच्या अंदाजाभोवतीची चूक सुमारे 4 ऐवजी सुमारे 13 टक्के बिंदूंची होते. दोन शहरांच्या किंवा दोन वर्षांच्या आकड्यांतील पाच-सहा बिंदूंच्या फरकावर लेख लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे होते. अनेकांनी घेतले नाही.

त्यानंतर तपासाची काही साधने रुळली. त्यांपैकी सर्वांत उपयोगी साधन अगदी साधे आहे: प्रत्येक आरंभिक प्रतिसादकापासून निघालेल्या साखळीचा अंदाज मुलाखतींच्या क्रमाने वेगवेगळ्या रेषेने काढायचा. रेषा एकमेकींकडे येत असतील, तर जाळे निदान पोहोचलेल्या भागात एकसंध असल्याचा तो इशारा आहे. एक रेषा 20 टक्क्यांवर आणि दुसरी 70 वर स्थिर राहिली, तर जाळे दुभंगलेले आहे, बहुधा भाषा, मूळ प्रदेश किंवा मुकादम यांच्या सीमेवर. मग दोहोंची सरासरी कोणत्याच समूहाचे वर्णन करत नाही. ‘नवीन माहिती येणे थांबले’ असे म्हणून मुलाखती थांबवण्याची प्रथा हे दुभंगणे हमखास झाकते, कारण माहिती संपते ती त्या एका भागातली.

2008 मध्ये अमेरिकेतील तीन मोठ्या शहरांत कमी वेतनाच्या 4,387 कामगारांचे सर्वेक्षण याच कूपन पद्धतीने झाले. कोणते उद्योग, कोणते व्यवसाय, कोणती शहरे हे आधीच आखून घेतल्यामुळे ते या परंपरेतील अधिक काळजीपूर्वक केलेल्या कामांपैकी आहे. त्यातील 26 टक्के कामगारांना आदल्या आठवड्यात किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळाल्याचा निष्कर्ष त्या चौकटीपुरता वाचायचा असतो. तो देशाला लागू करता येत नाही, आणि अशा कामगारांची एकूण संख्या तर त्या साखळीतून निघतच नाही. त्यासाठी जनगणनेसारखी बाहेरची मोजणी लागते, जिच्यात हे कामगार नेमके कमी नोंदले जातात.