राइट क्लिक केलं तरी व्हिडिओ सेव्ह का होत नाही, यामागची गोष्ट

२००६-०७ च्या आसपास दादरच्या सायबर कॅफेत बसून व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेणं फारच सोपं होतं. यूट्यूब तेव्हा फ्लॅशवर चालायचं आणि सर्व्हरवरून एकच अख्खी .flv फाइल यायची, ती येत असतानाच प्लेअर दाखवायला सुरुवात करायचा, यालाच प्रोग्रेसिव्ह डाउनलोड म्हणतात. पूर्ण बफर झालं की फाइल ब्राउझरच्या कॅशमध्ये पडलेली असायची, तिथून उचलायची, बास! आजही पेजवर साधी mp4 असेल तर राइट क्लिक करून 'सेव्ह व्हिडिओ अ‍ॅज' निमूटपणे चालतं.

पण या पद्धतीत क्वालिटी आधीच ठरलेली असते. लोकलमध्ये कुर्ल्याला फुल रेंज आणि पुढे मध्येच गुल, असं झालं की व्हिडिओ अडकणारच, कारण एका फाइलमधून अधेमधे हलक्या क्वालिटीवर उडी मारता येत नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागल्यावर हे जास्तच नडायला लागलं. मग २००८ ला मायक्रोसॉफ्टचं स्मूथ स्ट्रीमिंग आलं, २००९ ला आयफोनसाठी अ‍ॅपलचं एचएलएस आणि २०१२ ला डॅश स्टँडर्ड. आयडिया तीच, व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा दोन-चार क्वालिटींमध्ये ठेवायचा, नेट बघून प्लेअर पुढचा तुकडा निवडतो.

आता समजा क्लासचं ४५ मिनिटांचं लेक्चर आहे आणि तुकडे ६ सेकंदांचे, म्हणजे ४५० तुकडे झाले. अशा पेजवर व्हिडिओचा पत्ता बघितला तर `blob:` ने सुरू होणारं काहीतरी दिसतं, ते ब्राउझरच्या आतलं असतं, दुसऱ्या टॅबमध्ये टाकून काही हाती लागत नाही. व्हिडिओ एचएलएसचा असेल तर F12 दाबून नेटवर्क टॅबमध्ये `m3u8` शोधा आणि पेज परत लोड करा. ती फाइल सेव्ह केली तर काही केबीचीच निघते आणि लोकांना वाटतं डाउनलोड फसलं, पण ती नुसती यादी असते:

```
#EXTM3U
#EXT-X-TARGETDURATION:6
#EXTINF:6.0,
seg001.ts
#EXTINF:6.0,
seg002.ts
```

यादीत .ts ऐवजी आणखी .m3u8 दिसल्या तर ती वरची, क्वालिटींची यादी. लेक्चर आपलंच असेल किंवा सेव्ह करायची परवानगी असेल तर तुकडे जोडायचं काम ffmpeg हे कमांड देऊन चालवायचं सॉफ्टवेअर करतं:

```
ffmpeg -i "यादीचा पत्ता" -c copy lecture.mp4
```

-c copy मुळे व्हिडिओ परत एन्कोड होत नाही, म्हणून क्वालिटी तीच राहते. ४०३ एरर आला तर बहुतेक लिंकमधलं टोकन संपलेलं असतं किंवा सर्व्हरला लॉगिनची कुकी हवी असते. व्हिडिओ आला पण आवाजच नाही, तर आवाजाची यादी वेगळी आहे आणि तुम्ही फक्त चित्राची उचललीत, तेव्हा वरची यादी द्या. यादीत साधं AES-128 म्हणजे तुकड्यांना घातलेलं कुलूप असेल आणि किल्ली मिळत असेल तर ffmpeg स्वतःच ते उघडतं, पण वाइडवाइनसारखं डीआरएम म्हणजे कॉपी रोखणारं पक्कं कुलूप असेल तर तुकडे उतरतात तरी चालत नाहीत, मग त्या अ‍ॅपमध्येच ऑफलाइनची सोय आहे का बघायचं.