ट्रॅक्टरचं कर्ज मुदतीआधी फेडताय? आधी व्याजदराचा प्रकार बघा

कापसाचा चुकारा हातात आला की ट्रॅक्टरचं कर्ज एकदाचं मोकळं करावं, असं यवतमाळ-वर्ध्याकडे अनेकांना वाटतं. पण पैसे भरण्याआधी मंजुरीपत्र काढा आणि व्याजदर स्थिर आहे की बदलता, ते बघा. मुदतपूर्व फेडीचा आकार लागणार की नाही, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

घरासाठी किंवा वैयक्तिक गरजेसाठी व्यक्तीने घेतलेलं कर्ज बदलत्या दराचं असेल, तर बँक हा आकार घेऊ शकत नाही. पैसा कापसाचा असो की दुसऱ्या बँकेचा, फरक पडत नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने ही सूट व्यवसायाच्या बदलत्या दराच्या कर्जांनाही दिली. ग्रामीण बँक आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत व्यवसायासाठीची ही सूट ५० लाखांपर्यंतच्या कर्जाला आहे. दर आधी स्थिर आणि नंतर बदलता असेल, तर फेडीच्या दिवशी कोणता चालू आहे ते धरलं जातं.

फायनान्स कंपनीचं ट्रॅक्टर कर्ज मात्र बहुधा स्थिर दराचं असतं. तिथे कंपनी आपल्या धोरणाप्रमाणे आकार घेते. तो फेडल्या जाणाऱ्या रकमेवरच काढायचा असतो, आणि नव्या नियमातल्या कर्जांत माहितीपत्रकात आधी न सांगितलेला आकार नंतर लावता येत नाही.

समजा २,००,००० रुपये मुद्दल बाकी आहे, दर १४ टक्के आणि सहामाही तीन समान हप्ते उरलेत. ते वेळेवर भरले तर सुमारे २८,६०० रुपये व्याज जाईल. आज बंद केलं आणि आकार ४ टक्के असेल, तर ८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ९,४४०. तरीही जवळपास १९,००० वाचतात. याच कर्जाचा एकच हप्ता, म्हणजे सुमारे ७१,००० मुद्दल उरलं असतं, तर बचत जेमतेम १,६०० झाली असती. म्हणून फेडायचं तर लवकर फेडा, आणि तेवढ्यासाठी पेरणीचा पैसा मोडू नका.

शाखेत लेखी अर्ज द्या. सोबत कर्ज खाते क्रमांक, आधार, पॅन आणि आरसीची प्रत लावा. त्यावर फोरक्लोजर लेटर मागा. त्यात मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज, आकार आणि जीएसटी वेगवेगळे लिहिलेले हवेत. एकच गोळाबेरीज दिली, तर फोड मागितल्याशिवाय भरू नका. पत्राची तारीख उलटली की रोजचं व्याज वाढतं. भरणा खात्यातूनच करा.

भरल्यावर नादेय प्रमाणपत्र, फॉर्म ३५ आणि दिलेले कोरे धनादेश परत घ्या आणि खात्यातून हप्ता कापण्याची परवानगी रद्द करून घ्या. मूळ कागद ३० दिवसांत देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम वैयक्तिक कर्जांसाठी आहे; तुमच्या ट्रॅक्टर कर्जाला तो लागतो का, ते शाखेत विचारा. तो लागत असेल आणि कंपनीमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. फॉर्म ३५ आरटीओत देऊन आरसीवरचा बोजा उतरवा. शेत गहाण असेल, तर प्रमाणपत्र तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरचा बोजाही कमी करून घ्या.

आकार चुकीचा वाटला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.