तापात बंद केलेली गोळी

समजा, कोथरूडच्या एक आजी. संधिवातासाठी चार वर्षं रोज सकाळी साडेसात मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतायत. भाद्रपदात ताप आला, उलट्या सुरू झाल्या. "पोटात अन्न ठरत नाही, वर ती कडू गोळी कुठे घेऊ?" म्हणत त्यांनी दोन दिवस गोळी घेतलीच नाही. तिसऱ्या दिवशी पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात रक्तदाब ८०/५०, साखर ६२, सोडियम कमी. सलाइन लावलं, तरी दाब वर चढेना.

हे नुसतं पाणी कमी झाल्याचं लक्षण नव्हे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल तयार करतात. रक्तवाहिन्यांना आकुंचित ठेवायला आणि उपाशीपोटी साखर टिकवायला ते लागतं. निरोगी माणसाला ताप आला की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी हुकूम सोडते आणि कॉर्टिसोल कित्येक पटींनी वाढतं. पण बाहेरून महिनोन्महिने कॉर्टिसोलचंच काम करणारं स्टिरॉइड मिळालं की पिट्युटरी हुकूम देणंच थांबवते, आणि अधिवृक्क ग्रंथी आकसतात. रोज पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन महिनाभर घेतलं, तरी हा धोका धरून चालावं लागतं. आजींची गोळी बंद झाली, तेव्हा शरीराची गरज वाढलेली होती आणि पुरवठा शून्य होता.

आजींची लेक जुन्या औषधांची चिठ्ठी घेऊन धावत आली, म्हणून उलगडा झाला. शिरेतून १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसोलच, दिलं, सलाइन जोरात सोडलं, साखर दिली. काही तासांत दाब सावरला. अशा वेळी रक्ततपासणीची वाट पाहत इंजेक्शन थांबवायचं नसतं. इंजेक्शन उशिरा मिळालं तर जीव जाऊ शकतो, आणि लागत नसताना एकदा दिलं तर सहसा काही बिघडत नाही.

मग आजींनी काय करायला हवं होतं? ताप चढताच गोळी बंद न करता दिवसाला दहा मिलिग्रॅम, पाच सकाळी आणि पाच संध्याकाळी घ्यायची. बरं वाटल्यावर एकदोन दिवसांनी नेहमीच्या डोसवर यायचं. आधीच दहा किंवा जास्त चालू असेल, तर बहुधा तोच डोस दोन वेळांत विभागून पुरतो. आपला नेमका आकडा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा. गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. तीही पडली, किंवा खूप गुंगी आली, तर घरी थांबायचं नाही. तेव्हा इंजेक्शनच लागतं.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. अशी पुडी बरेच दिवस घेणाऱ्यालाही हाच धोका असतो, आणि त्याला ते ठाऊकही नसतं. म्हणून दवाखान्यात पुडीचंही नाव घ्या, लाजू नका.

आजींच्या पाकिटात आता एक चिठ्ठी असते: "मी रोज स्टिरॉइड घेते. उलटी किंवा शुद्ध हरपल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम ताबडतोब द्यावे."