किशोर कादंबऱ्यांच्या अनुवादातील शिव्या

साधारण 12 ते 18 वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी दुसऱ्या भाषेत नेताना तिच्यातल्या शिव्या कितपत ठेवायच्या, हा प्रश्न प्रत्येक प्रकाशनसंस्थेत उठतो. बहुतेक देशांत तो अनुवादक आणि संपादक आपसांत सोडवतात. रशियात मात्र त्याची कायद्याने आखलेली रेषा आहे. त्यामुळे ही मर्यादा प्रत्यक्षात कशी चालते, हे रशियन अनुवादांत सर्वांत स्पष्ट दिसते.

मुलांना अपायकारक माहितीपासून जपण्याचा रशियन कायदा 2010 मध्ये संमत झाला आणि 1 सप्टेंबर 2012 पासून लागू झाला. तेव्हापासून पुस्तकावर 0+, 6+, 12+, 16+ किंवा 18+ यांपैकी एक खूण छापावी लागते. शिव्यांच्या बाबतीत कायदा दोन प्रकार मानतो. सौम्य अपशब्द अधूनमधून आले, तर पुस्तक 16+ मध्ये बसते. अश्लील शिवी आली, तर ते मुलांसाठी वर्ज्य ठरते आणि 18+ मध्ये जाते. 2014 च्या उन्हाळ्यापासून आणखी एक अट आली. अशी शिवी असलेले पुस्तक पारदर्शक वेष्टनात सीलबंद करून, वर तशी सूचना छापूनच विकावे लागते. दुकानात ते उघडून चाळता येत नाही.

अश्लील शिवी कोणती, हे रशियन माणसाला सांगावे लागत नाही. या शिव्यांच्या गटाला रशियनमध्ये ‘मात’ म्हणतात आणि तो मोजक्या धातूंवर उभा आहे. माध्यमांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने 2013 च्या अखेरीस दिलेल्या खुलाशात चारच गोष्टी मोजल्या: पुरुषाचे आणि स्त्रीचे जननेंद्रिय, संभोग आणि बदफैली स्त्री यांच्यासाठीचे असभ्य शब्द, तसेच त्यांपासून बनलेले सगळे शब्द. म्हणजे बंदी शिवी किती जहरी आहे यावर नाही, ती कोणत्या धातूपासून निघाली यावर आहे. एखाद्या मुलाला चार वाक्यांत पार चिरडणारा अपमान या चाळणीतून सहज सुटतो, आणि पायाला ठेच लागल्यावर तोंडातून निसटलेला एक शब्द अडकतो.

किशोर साहित्याच्या प्रकाशकाला याचा फटका वेगळ्या रीतीने बसतो. प्रौढांच्या कादंबरीला 18+ची खूण लागली तरी तिचा वाचक तिला विकत घेऊ शकतो. सोळा वर्षांच्या मुलीसाठी छापलेल्या पुस्तकात असा एक शब्द राहिला, तर ते पुस्तक त्याच मुलीला विकता येत नाही. त्यामुळे एका कादंबरीत किती शिव्या चालतील, या हिशेबाला इथे अर्थच उरत नाही. ‘मात’ शून्य ठेवावाच लागतो. म्हणून पुस्तकावर कोणती खूण येणार, हे अनुवादकाला काम सुरू करतानाच ठाऊक असलेले बरे. मसुदा पूर्ण झाल्यावर शब्द उपटायला घेतले, की संवादांत भोके पडतात.

मूळ भाषा कोणती, यावरही बरेच अवलंबून असते. स्वीडिश आणि नॉर्वेजियन मुले सैतानाच्या आणि नरकाच्या नावाने शिव्या देतात. रशियनमध्येही सैतानाची शिवी आहे, ती सौम्य मानली जाते आणि कायद्यालाही चालते. तिथे अडचण उलटी येते: शब्द मिळतो, पण जोर कमी पडतो. इंग्रजीचे दुखणे वेगळे आहे. इंग्रजी किशोर कादंबऱ्यांत ‘एफ’ने सुरू होणारा शब्द बहुतेक वेळा नुसता जोर द्यायला येतो, कुणाला अपमानित करायला नव्हे. त्याचे रशियन प्रतिशब्द थेट ‘मात’मध्ये मोडतात आणि कानाला कितीतरी जड लागतात. कायदा नसता तरी अनेक अनुवादकांनी ते टाळलेच असते. अशा जागी ‘ब्लिन’ हा शब्द धावून येतो. त्याचा सरळ अर्थ धिरड्यासारखा एक पदार्थ. पण त्याची सुरुवात एका ‘मात’ शब्दासारखी असल्याने तो त्याचा सभ्य मुखवटा झाला आहे आणि शाळकरी मुले तो सर्रास वापरतात. मात्र प्रत्येक पात्राच्या तोंडी ‘ब्लिन’ आला, की वर्गातला टगा आणि पहिला नंबर काढणारा मुलगा एकाच आवाजात बोलू लागतात.

या सगळ्याचा जुना आणि उत्तम नमुना म्हणजे जे. डी. सॅलिंजर यांची 1951 ची ‘द कॅचर इन द राय’. ती प्रौढांसाठी निघाली असली तरी जगभर किशोरांनीच आपली मानली. तिचा रशियन अनुवाद रीता राइत-कोवाल्योवा यांनी केला आणि तो 1960 मध्ये ‘इनोस्त्रान्नाया लितेरातुरा’ या मासिकात आला. तेव्हा वरचा कायदा नव्हता, पण सोव्हिएत छपाईत असे शब्द जाणे अशक्यच होते. कादंबरीचा निवेदक होल्डन पानोपानी शिव्या देतो. पण शेवटाकडे, धाकट्या बहिणीच्या शाळेच्या भिंतीवर कुणीतरी खरडलेली दोन शब्दांची शिवी पाहून तो भडकतो. लहान मुले ती वाचतील, मग एखादे वाह्यात पोर त्यांना तिचा अर्थ सांगेल, या विचाराने तो ती हाताने पुसतो. पुढे दुसऱ्या जिन्यात तीच शिवी चाकूने कोरलेली दिसते, ती काही पुसता येत नाही. राइत-कोवाल्योवांनी भिंतीवरचे शब्द दिलेच नाहीत. कुणीतरी भिंतीवर ‘पोखाब्श्चिना’, म्हणजे काहीतरी अचकट-विचकट, लिहिले होते, एवढेच सांगितले. प्रसंग तरीही उभा राहतो, कारण त्याचा भार होल्डनच्या संतापावर आहे. तोटा दुसरीकडे होतो. मुळात होल्डनच्या नेहमीच्या शिव्या आणि भिंतीवरची शिवी यांत एक पायरीचे अंतर आहे, आणि वाचक ते डोळ्यांनी पाहतो. रशियनमध्ये वरची पायरीच झाकली गेली आणि खालची बरीच गुळगुळीत झाली. 2008 मध्ये मॅक्स नेमत्सोव यांचा खरखरीत भाषेतला नवा अनुवाद आला, तेव्हा अनेक वाचकांना तो होल्डन उसना वाटला. पन्नास वर्षे ज्याचा आवाज कानात बसला होता, तो मऊ बोलणाराच होता.

जर्मनीत हीच कादंबरी वेगळ्या वाटेने सौम्य झाली. 1962 ची, हाइन्रिश ब्योल यांचे नाव असलेली आवृत्ती आधीच्या जर्मन अनुवादावर आणि काटछाट झालेल्या ब्रिटिश पाठावर बेतलेली होती. म्हणजे लंडनमध्ये गाळलेले शब्द जर्मन वाचकालाही मिळाले नाहीत. अमेरिकी मूळ पाठावरून आइके श्योनफेल्ड यांचा अनुवाद 2003 मध्ये आला. अनुवादाला घेण्याआधी हातातली प्रत कोणत्या आवृत्तीची आहे हे तपासावे लागते, ते यासाठीच.

शिवी चुकीच्या जागी सौम्य झाल्याची खूण सहसा शिवीत सापडत नाही, ती समोरच्याच्या प्रतिक्रियेत सापडते. मुलगा ‘मूर्ख’ म्हणतो आणि आई त्याच्या थोबाडीत देते, असे वाचले की मूळ शब्द भलताच होता हे वाचक ओळखतो. अशा वेळी कसलेला अनुवादक शब्द गाळून कृती सांगतो: त्याने तोंड उघडले आणि जे बोलला, ते आजवर या घरात कुणी बोलले नव्हते. ही युक्ती पुस्तकात एकदोनदाच खपते.

मराठीत पुस्तकांवर वयाची खूण छापण्याची सक्ती नाही, त्यामुळे ही रेषा प्रकाशक आणि अनुवादकच ओढतात. त्यांच्या हाताशी ‘आयला’ आणि ‘च्यायला’ आहेत. दोन्ही आईवरूनच निघालेले, पण झिजून इतके घरगुती झालेले की कुणाच्या लक्षातही येत नाही. खरी दक्षता दुसरीकडे घ्यावी लागते. जातींच्या नावांवरून पडलेले कितीतरी अपशब्द मराठी बोलण्यात रुळलेले आहेत आणि ऐकायला सौम्य वाटतात. इंग्रजी शिवीची धार कमी करताना त्यांतला एखादा सहज लेखणीतून उतरतो, आणि जिथे मुळात कुणाच्या जातीचा संबंध नव्हता, तिथे तो येऊन बसतो.